दाखला द्या, पण जुळणारा

प्रति,
चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगाव आणि अशाच सगळ्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,



मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. वाहनांचे सुटे भाग बनतात, ते मापात आहेत की नाहीत हे बघायचं, हे माझं काम. एखादा भाग दिसायला कितीही चकचकीत असला तरी समोरच्या भागात बसला नाही तर आम्ही तो बाजूला काढतो. हे सांगायचं कारण एवढंच की गेल्या वर्षी माझ्याच कंपनीने मला दिलेला एक कागद बँकेने नेमका असाच बाजूला काढला. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा तो बसला, तर गेटवर अडला.

तो कागद म्हणजे गृहकर्जासाठी लागणारा नोकरीचा दाखला. तुमच्याकडे आठवड्याला असे दोन-चार अर्ज येत असतील. तुमच्या दृष्टीने ते पाच मिनिटांचं काम आहे: संगणकात साठवलेला नमुना उघडायचा, नाव बदलायचं, छापायचं, सही घ्यायची. मला योग्य दाखला मिळून तो पडताळला जाईपर्यंत २८ दिवस गेले. त्या दिवसांत कोणी वाईट वागलं नाही, कोणी मुद्दाम अडवलं नाही. बँकेला नेमकं काय हवंय हे कंपनीला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, इतकंच. ते मी बँकेच्या कर्ज विभागातल्या एका अनुभवी अधिकारी बाईंकडून समजून घेतलं. ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

आधी माझी हकिगत. मोशीत ४० लाखांचा फ्लॅट ठरवला. बुकिंगला १० टक्के, म्हणजे ४ लाख भरले. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला त्याहून जास्त घेता येत नाही, हा रेरा कायद्याचा नियम. पुढे करारनामा झाला, हप्त्यांच्या तारखा ठरल्या. जवळचे १० लाख घालून उरलेल्या ३० लाखांसाठी बँकेत अर्ज केला. आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६, हे सगळं एका संध्याकाळी जमलं. कारण ते माझ्याच हातात होतं. राहिला एकच कागद, जो दुसऱ्याने द्यायचा होता.

आठ दिवसांनी पहिलं पत्र मिळालं. सुंदर लेटरहेड, ठसठशीत शिक्का. मजकूर असा, की हे आमच्या कंपनीत कार्यरत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे, त्यांचा वार्षिक सीटीसी ८ लाख १० हजार रुपये आहे, आणि त्यांच्या भावी वाटचालीस आमच्या शुभेच्छा. ते घेऊन मी बँकेत गेलो. बाईंनी वाचलं, हसल्या आणि म्हणाल्या, "शुभेच्छा तुम्ही ठेवा. मला यातला एकही आकडा कुठल्याच कागदाशी जुळवता येत नाहीये."

जुळवता येत नाही, या तीन शब्दांत सगळं आलं. आपल्याला वाटतं, बँक दाखला वाचते. बँक दाखला वाचत नाही, ती तो जुळवते. दाखल्यातली प्रत्येक ओळ तिच्याकडे आधीच असलेल्या कुठल्या ना कुठल्या कागदाशेजारी ठेवली जाते. नाव आधार-पॅनशेजारी, रुजू झाल्याची तारीख भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकाशेजारी, पगार स्लिपेशेजारी, स्लिप खात्यात जमा झालेल्या रकमेशेजारी, वर्षाचा एकूण पगार फॉर्म १६ शेजारी. बनावट स्लिपा आणि खोटी नेमणूकपत्रं दाखवून कर्ज उचलल्याची प्रकरणं बँकांनी भोगलेली आहेत, म्हणून ही जुळवाजुळव. यात 'समाधानकारक वर्तणूक' कशाशीच जुळत नाही, म्हणून ती बिनकामाची.

आता त्या ८ लाख १० हजारांचं काय होतं ते बघा. बाराने भागलं की महिना ६७,५०० येतात. माझ्या खात्यात मात्र तेव्हा दरमहा पगाराचे ४८,२०० जमा होत होते. मधले १९,३०० कुठे गेले, असा प्रश्न बँकेला पडणारच. खरं उत्तर साधं आहे. माझा ठरलेला मासिक पगार ५६,०००: मूळ वेतन व महागाई भत्ता ३०,०००, घरभाडे भत्ता १२,००० आणि इतर भत्ते १४,०००. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे ३,६०० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. उरतात ५२,२००. त्यातून तेव्हा कामगार पतसंस्थेच्या कर्जाचा ४,००० चा हप्ता कापला जायचा आणि ४८,२०० खात्यात पडायचे. सीटीसीत याखेरीज काय काय मिसळलेलं असतं, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता: कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता, बसचा आणि कँटीनचा खर्च, उत्पादन प्रोत्साहन रक्कम. यातलं बरंचसं दरमहा माझ्या हातात येत नाही, म्हणून त्यातून कर्जाचा हप्ता भरता येत नाही. कर्ज देणाऱ्याला सीटीसीचा काडीचा उपयोग नसतो. त्याला दरमहाचा पगार हवा, फोड करून.

त्याच पत्रात दुसरी चूक होती, तारखेची. मी १२ जुलै २०१० ला शिकाऊ म्हणून आलो आणि १ जानेवारी २०१२ ला कायम झालो. पत्रात रुजू झाल्याची तारीख म्हणून २०१२ ची तारीख होती, स्लिपेवर २०१० ची. दोन्ही तारखा खऱ्या. पण बँकेच्या टेबलावर दोन तारखा म्हणजे दोन माणसं, किंवा एक चूक. दोन्ही लिहून, कुठली कशाची हे सांगितलं असतं तर प्रश्नच नव्हता.

नऊ दिवसांनी दुसरं पत्र आलं. पगाराची फोड होती, तारखाही नीट होत्या. मी खुशीत बँकेत गेलो. या वेळी मात्र जे चुकलं होतं ते मला स्वतःला कधीच कळलं नसतं. पत्रात शेवटी एक ओळ होती: 'कंपनीच्या नियमांनुसार निवृत्तीचे वय ५८ वर्षे आहे.' आमच्याकडे मागच्या वेतन करारात ते वय ६० झालं. संगणकातला नमुना त्याआधीचा होता, तो कोणी बदललेला नव्हता. आणि प्रोत्साहन रक्कम, जी मला दर महिन्याला सरासरी ३,००० मिळते, तिचा पत्रात उल्लेखच नव्हता.

या दोन गोष्टींची किंमत बाईंनी मला कागदावर मांडून दाखवली. ती तुमच्यासाठी पुन्हा मांडतो, कारण नमुन्यातली एक जुनी ओळ माणसाचं किती नुकसान करते हे त्यातून दिसतं.

त्या बँकेचा हिशेब असा: हातातल्या पगाराच्या ६० टक्क्यांपर्यंत सगळे हप्ते चालतात. दुसऱ्या बँकेत हे प्रमाण वेगळं असेल, पण रीत हीच. पतसंस्थेचा हप्ता सोडून माझे ५२,२०० धरले, त्याचे ६० टक्के झाले ३१,३२०. त्यातून पतसंस्थेचे ४,००० गेले, राहिले २७,३२०. म्हणजे घराचा हप्ता याहून मोठा असून चालणार नाही. माझं वय तेव्हा ४३. निवृत्ती ५८ ला धरली तर बँक १५ वर्षांचंच कर्ज देणार, कारण पगार बंद झाल्यावर हप्ता कुठून येणार? साडेआठ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी लाखाला सुमारे ९८५ रुपये हप्ता पडतो. त्या हिशेबाने मला मिळणार होते जेमतेम पावणेअठ्ठावीस लाख. मला हवे होते ३०.

निवृत्ती ६० ला धरली की मुदत १७ वर्षांची होते आणि लाखाचा हप्ता सुमारे ९२८ वर येतो. तेवढ्यानेच कर्ज २९ लाख ४० हजारांच्या पुढे गेलं. प्रोत्साहन रक्कम नियमित मिळते असं कंपनीने लिहिलं आणि ती सहा महिन्यांच्या स्लिपांवर दिसली, तर तिची निम्मी रक्कम ती बँक उत्पन्नात धरते. म्हणजे आणखी १,५००. तेव्हा हप्त्याची मर्यादा २८,२२० वर गेली आणि ३० लाखांचा २७,८४९ चा हप्ता तिच्यात बसला. माझा पगार एका रुपयाने वाढला नव्हता. पत्रातल्या दोन ओळी बदलल्या आणि सव्वादोन लाखांचा फरक मिटला.

दुसऱ्या पत्रात आणखी एक खोट होती. खाली सही होती, तिच्याखाली 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' असं छापलेलं होतं, पण सही कोणाची, त्याचं पद काय, फोन कुठला, याचा पत्ता नाही. बँकेला पडताळणीसाठी फोन करायचा तर कोणाला करायचा?

सहा दिवसांनी तिसरं पत्र मिळालं. ते पूर्ण होतं. मग बँकेने नेमलेल्या संस्थेचा माणूस प्रत्यक्ष पडताळणीसाठी कंपनीच्या गेटवर आला आणि त्याने माझं नाव सांगितलं. सिक्युरिटीने रजिस्टर चाळलं आणि सांगितलं, "असं कोणी इथे नाही." पंधरा वर्षं त्याच गेटमधून आत जाणारा मी! पण गेटवर मी नावाने नसतो, टोकन नंबराने असतो, आणि शॉपवर सगळे मला टोपणनावाने हाक मारतात. त्या माणसाने प्रामाणिकपणे 'आढळले नाहीत' असा शेरा मारला. तो पुसायला आणखी पाच दिवस. बँकेच्या भाषेत हा साधा शेरा नसतो, त्याने पूर्ण प्रकरण फेटाळलंही जाऊ शकतं.

त्या २८ दिवसांत बिल्डरच्या हप्त्याची तारीख येऊन गेली. हप्ता थकला तर महाराष्ट्राच्या रेरा नियमांप्रमाणे स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर आणखी २ टक्के, असं व्याज लागतं. म्हणजे दोन आकडी दर. ते टाळायला बायकोच्या नावची एफडी मुदतीआधी मोडली. बँकेने तिथेही व्याज कापलं. फार मोठी रक्कम नव्हती. पण ती कोणाच्याच फायद्याची नव्हती, हे जास्त लागलं.

तर आता मुद्द्यावर येतो. बँकेला दाखल्यात नेमकं काय हवं असतं, ते क्रमाने लिहितो.

१. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, तारीख आणि जावक क्रमांकासह असावं. तारीख ताजी हवी. बऱ्याच बँका महिन्याभराहून जुनं पत्र घेत नाहीत. वर 'ज्यांच्याशी संबंध असेल त्यांस' असं मोघम न लिहिता बँकेचं आणि शाखेचं नाव घातलं तर पुढच्या शंका वाचतात.

२. कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव, पॅनवर आहे तसंच. कंपनीच्या दप्तरी नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहून 'ही एकच व्यक्ती आहे' असं स्पष्ट म्हणावं. आमच्याकडच्या एका ताईंचं भविष्यनिर्वाह निधीचं खातं माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर होतं. त्यांचं प्रकरण केवळ या एका वाक्यावाचून अडलं. शेजारी कर्मचारी क्रमांक किंवा टोकन नंबरही द्यावा.

३. रुजू झाल्याची तारीख, कायम झाल्याची तारीख, सध्याचं पद आणि विभाग. मधल्या काळात कंपनीचं नाव बदललं असेल किंवा समूहातल्या एका कंपनीतून दुसरीत बदली झाली असेल, तर तेही एका ओळीत. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात जुनं नाव दिसतं आणि बँक थबकते.

४. नोकरीचं स्वरूप: कायम, परिवीक्षाधीन की ठरावीक मुदतीची. सोबत हेही, की आज तारखेला कर्मचाऱ्याने राजीनामा दिलेला नाही आणि तो नोटीसच्या मुदतीत नाही. दिला असेल तर तसं लिहावं. खोटं लिहा असं मी कधीच म्हणणार नाही.

५. मासिक पगाराची फोड: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, इतर भत्ते, एकूण. मग कपाती, आणि निव्वळ पगार. कायद्याने होणाऱ्या कपाती वेगळ्या आणि पतसंस्था, उचल, कँटीन अशा कपाती वेगळ्या दाखवाव्यात. कारण पतसंस्थेचा हप्ता हे बँकेच्या लेखी कर्ज असतं, भविष्यनिर्वाह निधी नसतो. नुकतीच पगारवाढ झाली असेल तर ती कुठल्या तारखेपासून, हे लिहावं, नाहीतर पत्रातला आकडा आणि जुन्या स्लिपा एकमेकांशी भांडतात.

६. ओव्हरटाइम, प्रोत्साहन, बोनस हे पगारात मिसळू नयेत. वेगळ्या ओळीत, 'गेल्या सहा महिन्यांची सरासरी' म्हणून द्यावेत. त्यातलं किती धरायचं ते बँक ठरवेल.

७. जन्मतारीख, निवृत्तीचं वय आणि निवृत्तीची तारीख. या एका ओळीने कर्जाची मुदत ठरते.

८. सही करणाऱ्याचं नाव, पद, कंपनीचा ईमेल पत्ता आणि उचलला जाईल असा फोन. ईमेल कंपनीच्या नावाचाच हवा. फुकट मिळणाऱ्या ईमेल पत्त्यावरून आलेला दुजोरा बँका सहसा मानत नाहीत.

बस्स, एवढंच. या आठ गोष्टी एका पानात बसतात. काम सोपं जावं म्हणून मजकुराचा नमुना देतो. तुम्ही तो इंग्रजीत करून घ्या, पण ओळी गाळू नका:

प्रति, शाखा व्यवस्थापक, … बँक, … शाखा.
श्री./श्रीमती … (पॅन …, कर्मचारी क्र. …) हे आमच्या कंपनीत … पासून नोकरीस असून … पासून कायम आहेत. सध्या ते … विभागात … या पदावर आहेत. आजच्या तारखेस त्यांनी राजीनामा दिलेला नाही. त्यांचा मासिक पगार पुढीलप्रमाणे आहे: … . मागील सहा महिन्यांची प्रोत्साहन रकमेची सरासरी दरमहा … रुपये आहे. पगारातून पतसंस्थेचा … रुपयांचा हप्ता कापला जातो व तो … पर्यंत चालेल. त्यांची जन्मतारीख … असून ते … रोजी वयाच्या … व्या वर्षी निवृत्त होतील. हे पत्र कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून केवळ गृहकर्जासाठी दिले असून कंपनीवर यामुळे कोणतीही आर्थिक जबाबदारी येत नाही.
सही, नाव, पद, ईमेल, दूरध्वनी.

शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो, कारण मला वाटतं, खरी अडचण तिथे आहे. आमच्या कंपनीत पहिल्या दिवशी मला विचारलं गेलं, "उद्या तू हप्ते थकवलेस तर बँक आमच्या मागे लागेल का?" ही भीती मी समजू शकतो. ती पतसंस्थांमुळे आलेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिलं असेल तर त्याच्या पगारातून हप्ता कापून संस्थेला देणं मालकावर बंधनकारक होतं. तिथे कंपनी मध्ये असते. बँकेच्या गृहकर्जात ती मध्ये नसते. हप्ता माझ्या खात्यातून थेट जातो, तारण माझं घर असतं, जामीन किंवा सहकर्जदार माझा माणूस असतो. कंपनी फक्त आज काय खरं आहे ते सांगते. उद्याचं काही कबूल करत नाही. म्हणून ते वाक्य जरूर घाला. बँकेची त्याला हरकत नसते.

काही बँका कधी कधी आणखी एक कागद पुढे करतात: कर्मचारी नोकरी सोडेल तेव्हा आम्हाला आधी कळवू, किंवा त्याचा पगार याच खात्यात जमा करत राहू, असं हमीपत्र. तो वेगळा कागद आहे. तो द्यायचा की नाही, हा सर्वस्वी तुमच्या कंपनीच्या धोरणाचा प्रश्न. नको असेल तर नाही म्हणा. पण त्या कागदाच्या धास्तीने साधा दाखला रोखू नका. दोन्हींची गल्लत झाली की बिचाऱ्या माणसाचं घर अडतं.

दुसरं कारण गोपनीयतेचं सांगितलं जातं. बँकेचा फोन येतो, 'अमुक तुमच्याकडे आहेत का?' आणि पलीकडून उत्तर जातं, 'आम्ही कर्मचाऱ्यांची माहिती फोनवर देत नाही.' धोरण योग्यच आहे. कोणीही उठून फोन करावा आणि कोणाचाही पगार विचारावा, असं होऊ नये. यावर उपाय आमच्याकडेच आहे. अर्जातच लेखी संमती घ्या की या बँकेच्या या शाखेला माझ्या नोकरीची आणि पगाराची माहिती दुजोऱ्यासाठी द्यावी. मग ईमेल आला की फक्त 'पत्र क्रमांक अमुक आम्हीच दिलेलं आहे, मजकूर बरोबर आहे' एवढं उत्तर पुरतं. आणि त्याच दिवशी गेटला एक ओळ कळवा: या नावाचा, या टोकन नंबरचा माणूस आपल्याकडे आहे, चौकशीला कोणी येईल. माझे पाच दिवस त्या एका ओळीने वाचले असते.

कंत्राटी कामगारांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांचा दाखला तुम्ही देऊ शकत नाही, कारण कागदोपत्री त्यांचा मालक कंत्राटदार असतो. पण अनेकदा त्यांना ते माहीतच नसतं. ते तुमच्या दारात आठ दिवस घालवतात आणि मग कळतं. पहिल्याच दिवशी 'तुमचं पत्र कंत्राटदाराच्या लेटरहेडवर लागेल' एवढं सांगून त्याचा फोन नंबर दिला तरी पुष्कळ झालं.

चूक आमच्याकडूनही होते, तेही कबूल करतो. मी पहिल्यांदा तुमच्यासारख्याच एका साहेबांपुढे उभा राहिलो तेव्हा म्हणालो, "सर, लोनसाठी लेटर पाहिजे होतं." बस्स. कुठली बँक, काय लिहून हवं, कधीपर्यंत, काहीच नाही. एवढ्यावर कोणीही जुना नमुनाच छापणार. दाखला मागणाऱ्यांना म्हणून माझी विनंती: तोंडी मागू नका. अर्ज लिहा. त्यात कर्मचारी क्रमांक, बँकेचं आणि शाखेचं नाव, वर दिलेल्या आठ गोष्टींची यादी, पॅनची प्रत, शेवटच्या तीन स्लिपा, संमती आणि बिल्डरच्या पुढच्या हप्त्याची तारीख, एवढं जोडा. पत्र हातात आलं की बँकेत धावण्याआधी ते तिथेच स्लिपेशेजारी, पासबुकाशेजारी आणि पॅनशेजारी ठेवून बघा. जी विसंगती तुम्हाला दिसेल ती बँकेलाही दिसणारच आहे.

साहेब, आणि मॅडम, माझं घर झालं. कर्ज मंजूर होऊन दोन महिन्यांनी पतसंस्थेचा हप्ताही संपला. त्यामुळे आता तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही. पण माझ्या मागे माझ्याच शॉपवरचे तिघेजण याच रांगेत उभे आहेत आणि त्यांच्यातल्या एकाचं वय ४६ आहे. मुदतीतली दोन वर्षं गमावणं त्याला माझ्याहून जास्त महाग पडेल.

म्हणून एकच मागणं आहे. आज तुमच्या संगणकातला नोकरीच्या दाखल्याचा नमुना एकदा उघडा. त्यात निवृत्तीचं वय किती छापलंय, ते बघा.

आपला,
टोकन नंबरने ओळखला जाणारा एक कर्मचारी
चाकण